जर्मनमधला स्वल्पविराम: इंग्रजीच्या सवयीने लावला की का चुकतो?

रेवती_पुणे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरी करते आणि रोज स्टुटगार्टच्या ग्राहकांना जर्मनमधून मेल लिहिते. बी-२ झालंय, बोलताना फारसं अडत नाही. पण लिहिताना कॉमा कुठे द्यायचा हे मी आजवर कानावर सोडत आले. वाक्य मनात म्हणायचं, जिथे थांबावंसं वाटेल तिथे कॉमा. इंग्रजीत याने कधी अडचण आली नव्हती.

गेल्या आठवड्यात मात्र अडचण आली. एका बैठकीच्या इतिवृत्ताचा मसुदा आम्ही पाठवला होता. त्यात दोन आकडे चुकले आहेत हे नंतर लक्षात आलं, म्हणून मी घाईने मेल केला की तूर्त सही करू नका. मी लिहिलं होतं ते असं:

```
Wir bitten Sie vorerst nicht zu unterschreiben.
```

संध्याकाळी सही केलेली प्रत हजर! मी फोन केला तर समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंत की तूर्त आम्ही सही मागत नाही. आमची तयार होती, म्हणून पाठवून दिली." त्यांनी मला हेही सांगितलं की एक कॉमा दिला असता तर हे झालं नसतं. दुसऱ्या दिवशी नवीन प्रत, नवीन सह्या, आणि माझ्या साहेबांना सगळं समजावून सांगणं. नुकसान काही झालं नाही, पण मला झोप लागली नाही.

तर प्रश्न दोन आहेत. एक, या वाक्यात कॉमा नेमका कुठे आणि तो सक्तीचा की मर्जीचा? दोन, 'दास', 'वाइल' यांच्या आधी कॉमा येतो हे पाठ आहे, तरी माझे कॉमे सतत चुकतात. इंग्रजीची सवय नेमकी कुठे आडवी येते?

---

जुना_वाचक

रेवतीताई, तुमची चूक नाही. मी १९९९ साली पुण्यातच जर्मन शिकलो. त्या आधी शुद्धलेखनाचे नियम बदलले होते आणि आम्हाला वर्गात स्पष्ट सांगितलं होतं की 'त्सू'वाल्या क्रियापदाआधी कॉमा आता ऐच्छिक आहे. द्या अथवा देऊ नका. तेव्हा त्या बाईंना तुम्ही नियम दाखवू शकता. बाकी 'दास' वगैरेंच्या आधी कॉमा आणि 'उंड'च्या आधी कॉमा नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं. मी तेवढ्यावर पंचवीस वर्षं काढली आहेत.

---

शंतनू_के

चांगला धागा. मलाही हाच त्रास आहे. मी मास्टर्ससाठी अर्ज करतोय आणि पत्राच्या शेवटी 'मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन' लिहून कॉमा दिला होता. माझ्या मित्राने तो खोडला. इंग्रजीत तर शेवटी कॉमा देतातच ना? आणि सुरुवातीच्या 'झेअर गेएर्टे' नंतर कॉमा आहे, पण पुढची ओळ लहान अक्षराने सुरू करायची म्हणे. कोणी सांगेल का?

---

म्युनिककर

शंतनू, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण मित्राचं बरोबर आहे. संबोधनानंतर कॉमा येतो आणि वाक्य पुढे चालू आहे असं मानून पुढची ओळ लहान अक्षराने सुरू होते, अर्थात पहिला शब्द नाम किंवा आदरार्थी 'झी' नसेल तर. शेवटच्या शुभेच्छेनंतर काहीच नाही, ना कॉमा ना टिंब. बाकी मुद्दा इथे नको, नाहीतर रेवतीताईंचा प्रश्न राहून जाईल.

आता मूळ विषय. मी तांत्रिक कागदपत्रांचं भाषांतर करतो आणि दुसऱ्यांनी केलेलं तपासतोही. काका, तुम्ही सांगितलेलं १९९९ सालासाठी बऱ्याच अंशी खरं होतं. १९९६ च्या सुधारणेने 'त्सू'च्या बहुतेक पदसमूहांआधीचा कॉमा लेखकावर सोडला. वाचणाऱ्यांचे हाल व्हायला लागले, म्हणून २००६ साली तीन ठिकाणी सक्ती पक्की झाली: समूह 'उम', 'ओने', 'श्टाट' अशा शब्दाने सुरू होत असेल तर, तो एखाद्या नामाला लटकलेला असेल तर, आणि मुख्य वाक्यात 'एस' किंवा 'दाराउफ' यांसारखा शब्द त्याची आगाऊ वर्दी देत असेल तर. उरलेलं ऐच्छिकच होतं. मग १ जुलै २०२४ पासून जी नवी नियमावली आली, तिने हे तीन कप्पे बाजूला ठेवले. आता 'त्सू'च्या क्रियापदाबरोबर आणखी काही शब्द असतील, म्हणजे कर्म, क्रियाविशेषण, 'निश्ट', काहीही, तर कॉमा द्यायचा. नुसतंच 'त्सू' आणि क्रियापद असेल तर अजूनही सूट आहे, पण अर्थ गोंधळत असेल तर सूटही नाही.

म्हणून रेवतीताई, तुमच्या वाक्यात १९९६ च्या ढिल्या नियमांतही कॉमा देणंच शहाणपणाचं होतं, कारण त्याचे खरोखर दोन अर्थ होतात. बघा:

```
Wir bitten Sie, vorerst nicht zu unterschreiben.
Wir bitten Sie vorerst nicht, zu unterschreiben.
```

पहिल्यात 'तूर्त नाही' हे सहीला लागतं: आमची विनंती आहे की तूर्त सही करू नये. दुसऱ्यात ते विनंतीला लागतं: सही करा अशी विनंती आम्ही तूर्त करत नाही. शब्द तेच, क्रम तोच. मराठीत आपण 'न करण्याची विनंती' आणि 'करण्याची विनंती नाही' असे शब्दच हलवतो, इंग्रजीत 'नॉट' जागा बदलतं. जर्मनमध्ये 'निश्ट' जागचं हलत नाही आणि कोणत्या क्रियापदाच्या घरात राहतं ते फक्त कॉमा सांगतो. त्या बाईंनी तुमचं वाक्य दुसऱ्या अर्थाने वाचलं यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

---

जुना_वाचक

२०२४ चा बदल मला ठाऊक नव्हता. म्हणजे आमच्या आधीच्या पिढीला जे शिकवलं होतं तिकडेच गाडी परत आली म्हणायची. १९९६ च्या आधी माझ्या सरांच्या जुन्या पुस्तकांत असाच नियम होता: 'त्सू'बरोबर आणखी शब्द असले की कॉमा.

---

म्युनिककर

अगदी जवळपास तिकडेच. ही नियमावली ज्या परिषदेची आहे तिचं कार्यालय मानहाइमला आहे, आणि तिचं काम लोक प्रत्यक्षात कसं लिहितात ते पाहण्याचंही आहे. ऐच्छिक असतानाही बहुतेक वर्तमानपत्रं आणि प्रकाशक हा कॉमा देतच होते. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मजकुरातही जर्मन लेखकांनी तो सोडलेला क्वचित दिसायचा.

---

मैत्रेयी_नाशिक

मी शाळेतल्या मुलांना जर्मन शिकवते. रेवती, तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण ही चूक मी रोज वहीत पाहते आणि ती नेहमी इंग्रजीमुळेच होते असं नाही. माझ्या मुलांच्या वह्यांत असं वाक्य येतं:

```
Ich glaube dass, er heute kommt.
```

हा कॉमा इंग्रजीतून आलेला नाही. इंग्रजीत तिथे कॉमा नसतोच. हा आपल्या मराठीतला आहे! 'त्याने सांगितले की, उद्या सुट्टी आहे.' आपण 'की' लिहून मग कॉमा देतो, वर्तमानपत्रंही देतात. बोलतानाही 'की'नंतर जरा थांबतो. मूल 'दास' म्हणजे 'की' असं शिकतं आणि कॉमा जुन्या जागी ठेवतं. मी त्यांना सांगते की मराठीत 'की' आधीच्या वाक्याच्या शेपटीला चिकटतो, जर्मनमध्ये 'दास' पुढच्या वाक्याचं दार आहे. दाराच्या आत कुंपण घालत नाहीत, बाहेर घालतात. हे एकदा मनात बसलं की ती चूक जाते, निदान सहावी-सातवीच्या मुलांची तरी जाते.

---

रेवती_पुणे

मैत्रेयीताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी जुने मेल उघडून पाहिले, दोन ठिकाणी 'दास'नंतर कॉमा आहे!

आणि म्युनिककर, तुमचं उत्तर वाचून मी ती दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहिली. दोन्ही मला सारखीच ऐकू येतात. मग कॉमा कळायचा कसा? कान सोडला तर हाताशी काय उरतं?

---

म्युनिककर

क्रियापदं उरतात. कान खरंच सोडून द्या, निदान लिहिताना. इंग्रजीतला कॉमा बराचसा श्वासाचा आणि अर्थाच्या छटेचा आहे. जर्मनमधला वाक्याच्या बांधणीचा आहे. प्रत्येक क्रियापद आपापल्या शब्दांसह एक खोली धरून बसतं, आणि एक खोली संपून दुसरी सुरू होते तिथे कॉमा येतो, बोलणारा थांबो न थांबो. म्युनिकच्या रस्त्यावर 'इश ग्लाउबे, दास एअर कॉम्ट' हे एका दमात बोललं जातं, तरी कॉमा आहेच.

उलटी बाजूही पाहा, कारण इंग्रजीच्या सवयीने केलेली निम्मी चूक तिथे असते:

```
Nach der langen Besprechung mit dem Kunden haben wir den Termin verschoben.
After the long meeting with the client, we postponed the date.
```

इंग्रजी वाक्यात 'क्लायंट'नंतर कॉमा शोभतो, श्वासही तिथेच घेतला जातो. जर्मनमध्ये तिथे कॉमा देणं चूक. सुरुवातीचा शब्दसमूह कितीही लांब असो, त्यात क्रियापद नाही, म्हणजे वेगळी खोली नाही. शिवाय जर्मन वाक्यात मुख्य क्रियापद दुसऱ्या जागी बसतं आणि पहिली जागा हा सगळा लांबलचक समूह मिळून अडवतो. तिथे कॉमा दिला तर पहिली जागा दुसरीपासून तोडल्यासारखं होतं. 'लाइडर', 'गेस्टर्न', 'इम यार २०२२' यांच्यानंतरही तेच. भारतातून आलेल्या मेलांत मला सर्वांत जास्त दिसणारा जादा कॉमा 'लाइडर'नंतरचा आहे, कारण इंग्रजीत 'अनफॉर्च्युनेटली'नंतर तो सवयीने पडतो.

आता एक पूर्ण वाक्य घेऊ, तुमच्या कामातलंच:

```
Ich hoffe, dass Sie den Entwurf erhalten haben, und bitte Sie, ihn zu prüfen, ohne das Datum zu ändern.
```

क्रियापदं शोधा. 'होफे' पहिलं. 'एरहाल्टन हाबन' दुसरं, 'दास'च्या खोलीतलं. 'बिटे' तिसरं, पण नीट पाहा, ते 'होफे'च्याच खोलीतलं आहे, कारण दोघांचाही कर्ता 'इश' आहे. 'त्सू प्र्यूफन' चौथं आणि 'त्सू एंडर्न' पाचवं. हेच वाक्य इंग्रजीत लिहिलंत तर बहुधा एकही कॉमा येणार नाही. इथे चार आहेत आणि चारही सक्तीचे.

---

जुना_वाचक

'हाबन'नंतर कॉमा आणि लगेच 'उंड'? मला हे खरंच पटत नाही. 'उंड'आधी कॉमा नाही हा पहिल्या महिन्यात शिकवलेला नियम आहे.

---

म्युनिककर

काका, तो कॉमा 'उंड'चा नाही. तो 'दास'च्या खोलीचं दार बंद करणारा आहे. 'दास'ने उघडलेलं वाक्य 'हाबन'वर संपतं, आणि नंतर योगायोगाने 'उंड' येतं. दार बंद केलं नाही तर वाचणारा 'बिटे'लाही 'दास'च्या आतलं समजून वाचायला लागतो आणि क्रियापद भलत्या जागी सापडलं म्हणून अडखळतो. तुमचा नियम दोन सारख्या गोष्टी जोडताना बरोबर आहे. 'दास एअर कॉम्ट उंड दास एअर ब्लाइब्ट' यात दोन्ही 'दास' एकाच पातळीवर आहेत, म्हणून मध्ये कॉमा नाही. दोन स्वतंत्र मुख्य वाक्यं 'उंड'ने जोडली असतील तर कॉमा ऐच्छिक. इंग्रजीत नेमकं तिथेच 'अँड'आधी कॉमा द्यायला शिकवतात, म्हणून आपल्या लोकांचा हात तिथे आपसूक जातो. जर्मनमध्ये तो दिला तर चूक नाही, पण बहुतेक जण देत नाहीत.

---

जुना_वाचक

दार बंद करण्याचा मुद्दा पटला. मग सोपा हिशोब असा की क्रियापदं मोजायची आणि एक वजा करायचा? तुमच्या वाक्यात पाच क्रियापदं, चार कॉमे. बरोबर बसतंय.

---

मैत्रेयी_नाशिक

नाही काका, तो हिशोब मुलांना दिला तर फसतील. मधोमध घुसलेलं वाक्य घ्या:

```
Der Bericht, den Sie geschickt haben, ist gut.
```

क्रियापदं दोन, कॉमे दोन. मधल्या खोलीला दोन्ही बाजूंनी भिंत लागते. माझी मुलं पहिला कॉमा देतात आणि दुसरा विसरतात, कारण पहिल्याला 'डेन' आठवण करून देतो, दुसऱ्याजवळ आठवण करून देणारा शब्दच नसतो. मी त्यांना सांगते, गौण वाक्याचं क्रियापद शेवटी जातं ना, मग ते दिसलं की तिथेच पेन टेकवा. म्युनिककरांच्या वाक्यातही 'हाबन'नंतरचा कॉमा असाच सापडतो.

---

अभिषेक_हॅम्बुर्ग

मी अशाच वाक्यावर उलट दिशेने आपटलो आहे. आमच्याकडे मशीनच्या देखभालीची पुस्तिका जर्मनमधून इंग्रजीत आणायची होती. लिहिणारे सगळे जर्मन, इंग्रजी उत्तम. तरी पुस्तिकेत हे आलं:

```
Schrauben, die verrostet sind, müssen ersetzt werden.
Screws, which are rusted, must be replaced.
```

जर्मन वाक्याचा अर्थ, गंजलेले स्क्रू बदला. इंग्रजी वाक्याचा अर्थ, स्क्रू गंजलेलेच असतात, सगळे बदला. पुस्तिका छापून गेल्यावर एका ग्राहकाने विचारलं की दर वेळी सगळे स्क्रू का बदलायचे. इंग्रजीत कॉमा काढल्याने किंवा दिल्याने अर्थ बदलतो. जर्मनमध्ये संबंधी वाक्याला कॉमा लागतोच, अर्थ कुठलाही असो. मग जर्मन माणूस 'फक्त गंजलेले' आणि 'सगळेच गंजलेले' यांत फरक कसा करतो, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

---

म्युनिककर

संदर्भाने करतो, आणि धोका असेल तिथे शब्द घालतो. 'दीयेनिगन श्राउबन, दी...' असं लिहिलं की 'जे स्क्रू गंजले आहेत तेच' असा अर्थ पक्का होतो. आपल्या 'जे... तेच' सारखंच. मी पुस्तिकांमध्ये सुरक्षेच्या सूचना असतील तिथे हे आग्रहाने घालायला लावतो. कॉमाकडून जर्मनमध्ये ते काम होत नाही.

एक गोष्ट यातून रेवतीताईंच्या कामाची. संबंधी वाक्याच्या सुरुवातीला शब्दयोगी अव्यय असेल तर कॉमा त्या अव्ययाच्या आधी जातो, 'दास हाउस, इन डेम इश वोने', कारण 'इन'ही त्याच खोलीतलं आहे. 'ओने दास' आणि 'आउख वेन' यांचंही तसंच. 'दास दिसला की आधी कॉमा' असं पाठ केलेले लोक 'ओने' आणि 'दास' यांच्या मधोमध कॉमा ठोकतात. जर्मन लोकसुद्धा ठोकतात, म्हणून तो बरोबर आहे असं वाटत राहतं. जोडी एकत्रच दारात उभी आहे, कॉमा दोघांच्या आधी.

---

शंतनू_के

मी आत्ताच माझं पत्र पुन्हा तपासलं. 'फोर आलेम वाइल' मध्ये 'वाइल'च्या आधी कॉमा दिला होता. म्हणजे तो 'फोर आलेम'च्या आधी जायला हवा?

---

म्युनिककर

हो, 'फोर आलेम वाइल' हे एकत्र घेऊन आधी कॉमा. तुमच्या कॉमाची जागा बदला एवढंच, आजच्या आज दुरुस्त होईल.

---

रेवती_पुणे

कालपासून मी प्रत्येक मेलमध्ये क्रियापदांखाली रेघ मारतेय. गौण वाक्यांचं जमतंय. पण 'त्सू'चं अजून अडतंय. सहकाऱ्याने सांगितलं, "त्सू दिसलं की कॉमा दे, २०२४ नंतर सोपं झालं." म्हणून मी लिहिलं:

```
Das Fenster scheint, nicht richtig zu schließen.
```

आणि हे परत लाल होऊन आलं! 'निश्ट रिश्टिश' असे जादा शब्द तर आहेत. मग का नाही?

---

म्युनिककर

कारण इथे दोन खोल्या नाहीत. 'शाइनन' हे इथे मराठीतल्या 'दिसतंय' सारखं आधाराचं क्रियापद झालं आहे: खिडकी नीट बंद होत नाहीये, असं दिसतंय. खिडकी स्वतः काही 'दिसण्याची' क्रिया करत नाही. 'ब्राउखन', 'प्फ्लेगन', आणि 'हाबन' व 'झाइन' जेव्हा 'त्सू'बरोबर 'करायचं आहे' अशा अर्थाने येतात तेव्हाही तेच, कॉमा नाही. 'दू ब्राउख्स्ट मोर्गन निश्ट त्सू कॉमन', अखंड.

ओळखायची एक युक्ती मी नव्या लोकांना सांगतो: पहिल्या क्रियापदाचा कर्ता ती क्रिया खरोखर करतोय का, ते विचारा. हे दोन पाहा:

```
Er droht, die Polizei zu rufen.
Das Haus droht einzustürzen.
```

पहिल्यात माणूस धमकी देतोय, म्हणजे 'ड्रोहन' पूर्ण क्रियापद, कॉमा हवा. दुसऱ्यात घर कोणाला धमकी देत नाही, ते पडायच्या बेतात आहे. 'ड्रोहन' तिथे 'बेतात असणं' एवढंच उरतं, कॉमा नाही. 'फेअरश्प्रेशन'लाही असेच दोन चेहरे आहेत: माणूस वचन देतो, आणि हवामान चांगलं होण्याची चिन्हं दाखवतं.

---

मैत्रेयी_नाशिक

ही युक्ती छान आहे, पण 'बेगिनन' आणि 'आनफांगन'चं काय? 'झी बेगान देन बेरिश्ट त्सू लेझन'. ती खरंच सुरुवात करतेय, म्हणजे कॉमा हवा. पण वाचताना ते 'वाचायला लागली' असं एकच क्रियापद वाटतं, जसं मराठीत. माझ्या जुन्या पुस्तकात हे वाक्य कॉमाशिवाय आहे, नव्या सरावसंचात कॉमासह. मुलं विचारतात तेव्हा मी दोन्ही चालेल म्हणते, आणि मला ते सांगताना बरं वाटत नाही.

---

म्युनिककर

मी इथे कॉमा देतो आणि तपासतानाही मागतो, कारण 'देन बेरिश्ट' हे कर्म जोडीला आहे. माझ्याच कार्यालयातली एक अनुभवी सहकारी देत नाही, तिच्या मते ही जोडी एकच क्रिया आहे. आम्ही दोघं यावर अनेकदा बोललो आहोत आणि प्रत्येक दस्तऐवजात एकच पद्धत ठेवतो, एवढंच ठरलं आहे. मुलांना तुम्ही कॉमा द्यायला सांगा, परीक्षेत त्यावरून गुण जाण्याची शक्यता कमी.

---

जुना_वाचक

नुसत्या 'त्सू'चं राहिलं. 'एअर हाट फेअरश्प्रोखन त्सू कॉमन'. इथे सूट आहे म्हणालात. तुम्ही काय करता?

---

म्युनिककर

देतो. नुसत्या 'त्सू'ला सूट आहे हे खरं, पण जो कॉमा मला अर्ध्या ठिकाणी द्यायचाच आहे तो उरलेल्या ठिकाणी सोडायचा की नाही यावर विचार करण्यात वेळ जातो. तुम्ही सोडलात तरी कोणी चूक म्हणणार नाही.

---

अभिषेक_हॅम्बुर्ग

मी सोडतो. इतक्या लहान वाक्यात कॉमा डोळ्याला खुपतो. आणि बरोबरच्या जर्मन मंडळींपैकी निम्मी सोडताना दिसतात.

---

रेवती_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पुन्हा त्याच ग्राहकाला मेल होता. सुधारलेला मसुदा जोडला आणि लिहिलं:

```
Wir bitten Sie, das Protokoll erst zu unterschreiben, wenn Sie die Zahlen geprüft haben.
```

'बिटन', 'त्सू उंटरश्राइबन', 'गेप्र्यूफ्ट हाबन'. तीन क्रियापदं, तीन खोल्या, दोन भिंती. इंग्रजीत लिहिलं असतं तर 'व्हेन'च्या आधी मी कॉमा दिला नसता, आज दिला. पाठवण्याआधी 'उंटरश्राइबन'नंतर 'हाबन'पर्यंत बोट फिरवलं आणि मगच बटण दाबलं. अर्ध्या तासात त्या बाईंचं उत्तर आलं: आकडे तपासते, सही उद्या दुपारी.

काका, तुम्ही मध्ये विचारलेला 'उंड'आधीचा कॉमा मी आणखी एका मेलमध्ये दिला आहे. तो लाल होऊन आला तर इथेच चिकटवते.